किल्ली हरवली, आता कुलूप कसे कापावे?

वसतिगृहाच्या रेक्टरकडे हा प्रश्न बहुधा रात्री किंवा परीक्षेच्या सकाळी येतो. खोलीला कुलूप, हॉलतिकीट आत आणि किल्ली कुठे पडली कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी कुणीतरी हातोडा घेऊन येतो. हातोड्याने कुलूप तुटण्याआधी बरेचदा दाराची चौकट फुटते, आणि ठोकलेले कुलूप आतून वाकडे झाल्याने नंतर दुसरी किल्ली सापडली तरी ती चालत नाही.

कापण्याआधी नोंद करावी. कुलूप मागणाऱ्याचेच आहे का, हे खोलीवाटपाच्या यादीवरून आणि ओळखपत्रावरून पाहावे. खोलीत दोघे राहत असतील तर दुसऱ्यालाही फोन करावा. अनेकदा जादा किल्ली त्याच्याच बॅगेत असते. मग विद्यार्थ्याकडून दोन ओळींचा अर्ज घ्यावा आणि कुलूप त्याच्यासमोर, आणखी एका कर्मचाऱ्याच्या साक्षीने कापावे. एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याचे कपाट किंवा ट्रंक उघडू नये.

त्यानंतर कुलूप नीट पाहावे. कापायचा असतो तो वरचा यू आकाराचा दांडा. त्याची जाडी पट्टीने मोजावी आणि त्यावर ‘हार्डन्ड’ असे इंग्रजीत कोरले आहे का ते बघावे. खात्री नसेल तर दांड्यावर कानस हलकेच ओढावी. कानस धातू खाऊ लागली तर पोलाद साधे आहे. ती नुसती घसरत राहिली तर दांडा कडक केलेला आहे आणि हॅक्सॉचे पाते त्यावर वाया जाईल.

समजा, दारावर मध्यम आकाराचे कुलूप आहे, दांडा 8 मिलिमीटर जाड आणि पोलाद साधे. 24 इंची बोल्ट कटर त्याला सहसा पुरतो, तरी कटरवर छापलेली मर्यादा वाचून घ्यावी. कापणाऱ्याने गॉगल आणि जाड हातमोजे घालावेत आणि मुलांना मागे सरकवावे, कारण तुटताना तुकडा गोळीसारखा उडतो. दांड्याभोवती जाड फडके सैल गुंडाळले, तर तो तुकडा तिथेच अडकतो. दांडा कटरच्या टोकाशी न धरता जबड्यात खोल, सांध्याजवळ बसवावा. तिथे जोर कमी लागतो. मग दोन्ही हातांनी मुठी सावकाश, सरळ मिटाव्यात. मुठी वाकताहेत पण दांड्यावर फक्त चकचकीत ओरखडा उठला आहे, असे दिसले तर थांबावे. मुठीला पाइप लावून जोर वाढवला, तर दांड्याऐवजी कटरचे पातेच तुटू शकते.

एक बाजू कापल्यावर कुलूप फिरवून पाहावे. काही कुलपांत दांडा एकाच पायाशी अडकलेला असतो. तो पाय कापला की दांडा वळतो आणि कुलूप निघते. काहींत दोन्ही पाय अडकलेले असतात. तेव्हा दुसरी बाजूही कापावी लागते. फिरत नाही म्हणून हिसके देऊ नयेत, त्याने दाराचा कोयंडाच उखडतो.

दांडा कडक असेल, तर नजर कोयंड्याकडे वळवावी. तो बहुधा साध्या लोखंडाचा असतो आणि बदलायला स्वस्त पडतो. हॅक्सॉला इंचाला 24 दातांचे पाते, दात पुढच्या दिशेने, असे लावावे. कुलूप पकडीने घट्ट धरावे, म्हणजे ते डुलत नाही. पुढे ढकलताना जोर द्यावा, मागे घेताना सोडावा. काही मिनिटे लागतात, पण ठिणग्या उडत नाहीत.

ग्राइंडर मात्र रेक्टरने स्वतः हातात घेऊ नये. त्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याला बोलवावे आणि चकतीवरचे संरक्षक कवच काढलेले नाही, हे बघावे. ठिणग्या काही फूट लांब जातात. गादी, पडदे, सॅनिटायझरची बाटली असल्या वस्तू दूर कराव्यात. दाराच्या फटीतून ठिणग्या आत जातात, म्हणून फट ओल्या गोणपाटाने झाकावी. पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवावे. काम झाल्यावर अर्धा तास तरी तिथे कुणीतरी थांबावे, कारण गादीतली धग आधी दिसत नाही. कापलेले लोखंडही गरम असते, ते पकडीनेच उचलावे.

दार उघडल्यावर कोयंड्यावरची धारदार कड कानसीने घासून घ्यावी, तुकडे झाडून काढावेत. रजिस्टरमध्ये वेळ, खोली क्रमांक, कापलेला भाग आणि तिघांच्या सह्या घ्याव्यात. नवे कुलूप लागताच त्याची दुसरी किल्ली विद्यार्थ्याची सही असलेल्या बंद पाकिटात कार्यालयात ठेवून घ्यावी.