एकाच पुलाला दोन जातींचे पाइल

बांगलादेशातल्या पद्मा पुलाचं (२०२२) मला आवडणारं वैशिष्ट्य पाण्याखाली आहे. पात्रातल्या ४० खांबांखाली ठोकलेले पाइल आहेत, तर दोन्ही काठांवरच्या शेवटच्या खांबांखाली खोदून ओतलेले.

पात्रात खडक हाती लागत नाही, नुसती वाळू. पुरात ती साठेक मीटर खरवडली जाऊ शकते, म्हणून पाइल शंभर मीटरच्याही खाली न्यायचा. एवढं खोल भोक बेंटोनाइटच्या भरवशावर उघडं ठेवून, भर प्रवाहात अखंड काँक्रीट ओतायचं म्हणजे जुगारच. त्यापेक्षा ३ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या तराफ्यावरच्या हातोड्याने ठोकल्या, त्याही तिरप्या. ड्रिलिंगने असा तिरका पाइल करणं फार अवघड. पुढे काही ठिकाणी खोलवर चिकणमाती निघाली, भारक्षमता कमी भरली, आणि २२ खांबांना सातवा पाइल द्यावा लागला.

काठावर मात्र रिगला उभं राहायला कोरडी जमीन, काँक्रीटचा ट्रक थेट भोकापाशी. तिथे खोदाईच सोयीची.

आपल्याकडे चिखलाखाली बेसॉल्ट लागला, की ठोकलेला पाइल तिथेच अडतो. तिथे खोदून खडकात रुतवलेला पाइलच घ्यावा.