मशीनच्या तळातलं पाणी

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही डिशवॉशर पुढे ओढून मागची भिंत पुसली आणि मशीन पुन्हा जागेवर ढकललं. चार दिवसांनी सकाळी दार उघडलं तर तळाशी तीन-चार बोटं गढूळ पाणी साचलेलं. त्यावर कढीपत्त्याची दोन पानं तरंगत होती आणि वास शिळ्या आमटीचा. वरच्या कप्प्यातल्या पेल्यांना आतून रवाळ, पिवळट थर. बायकोचं म्हणणं, साबण बदलला म्हणून भांडी निघत नाहीत. माझं म्हणणं, पंप गेला. दोघंही चुकलो होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना आम्ही दोन तक्रारी समजत होतो, ती एकच तक्रार होती.

हे कळायला मशीन पाण्याचं काय करतं ते बघावं लागतं. नळाखाली भांडी घासताना खरकटं पाणी वाहून जातं आणि वरून सतत नवं पाणी येतं. डिशवॉशरमध्ये तसं होत नाही. ते एका वेळी साधारण तीन-चार लिटर पाणी घेतं, तेच तापवतं आणि तेच पाणी खालून वर, पुन्हा खालून वर फिरवत राहतं. पाणी भांड्यांवरून ओघळून तळाशी येतं, जाळीतून गाळलं जातं, पंप ते फिरत्या पंख्यांमध्ये ढकलतो आणि पंख्यांच्या भोकांतून पुन्हा भांड्यांवर फवारा बसतो. एक टप्पा संपला की ते पाणी बाहेर फेकून नवं घेतलं जातं. म्हणून तर ओटाभर भांड्यांना सगळं मिळून दहा-बारा लिटर पुरतं.

आता या फेऱ्यात कुठेही तुंबलं तर काय होईल? जाळी बंद झाली की पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही, फवारा मंदावतो आणि सगळ्यात आधी वरच्या कप्प्यातले पेले घाण राहतात. बाहेर जाणारा पाइप अडला की आधीच्या टप्प्याचं खरकटं पाणी तळातच राहतं आणि शेवटी विसळायला घेतलेलं स्वच्छ पाणी त्यातच मिसळतं. मग साबण कितीही भारी आणा, भांडी त्याच आमटीत विसळली जाणार.

सुरुवात जाळीपासून करावी, कारण त्याला हत्यार लागत नाही. आधी प्लगचं बटण बंद. मग खालचा कप्पा बाहेर काढायचा आणि साचलेलं पाणी वाटीने व स्पंजने उपसायचं. तळाच्या मध्यभागी एक उभा नळकांड्यासारखा गाळणा असतो. बहुतेक मशीनमध्ये तो घड्याळाच्या उलट्या दिशेने पाव फेरा फिरवला की सुटून वर येतो. त्याखालची चपटी, बारीक भोकांची जाळी मग नुसती उचलायची. आमच्या गाळण्यात मोहऱ्या होत्या, लिंबाच्या बिया होत्या, भाताची शितं होती. पण खरी अडचण त्या चपट्या जाळीवर होती. कढीपत्त्याची पानं ओली होऊन तिच्यावर चिकटली होती, जणू कोणी पट्टी लावावी तशी, आणि त्यांच्या मधल्या जागेत तुपाचा पांढरा थर थिजला होता. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश एवढ्याने जाळी निघते. तारेची घासणी मात्र वापरू नये, जाळीची भोकं फाकतात. साबणही नंतर पूर्ण धुवून टाकायचा. साधा साबण मशीनमध्ये गेला की फेस होतो, आणि फेस पंपाला उपसता येत नाही. डिशवॉशरचा साबण संपला म्हणून नेहमीचं लिक्विड घालणाऱ्यांच्या मशीनमध्येही पाणी साचतं ते याच कारणाने.

जाळी काढली की खालचा खळगा दिसतो. तिथे थोडं स्वच्छ पाणी उरलं असेल तर घाबरायचं कारण नाही, ते राहतंच. जाळीच्या वर आलेलं पाणी हा दोष. या खळग्याच्या बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं आणि त्याच्या मागे पाणी बाहेर फेकणारी फिरकी. फुटलेल्या पेल्याचा तुकडा, टूथपिक, बरणीचं सुटलेलं लेबल असल्या गोष्टी तिथे जाऊन अडकतात. झाकण काढून फिरकी बोटाने हळूच फिरवून बघता येते, पण आधी टॉर्च मारून काच नाही ना याची खात्री करावी. जाळी परत बसवताना ती खट् करून जागेवर बसली पाहिजे. अर्धवट बसवलेली जाळी ही घाण जाळीपेक्षा वाईट, कारण मग खरकटं बाजूने सरळ पंपात जातं.

जाळी धुतली आणि मी विजयी मुद्रेने मशीन सुरू केलं. पाणी उतरलं, पण रडतखडत, आणि दोन बोटं राहिलंच. पंपाचा आवाज येत होता, म्हणजे तो जिवंत होता. तेव्हा मेकॅनिकला फोन केला. तो यायच्या आधी फोनवरच म्हणाला, “काका, सिंकखालचा पाइप काढून बादलीत सोडा, मशीनला पाणी काढायला लावा आणि कसं येतंय ते सांगा.”

ही बादलीची परीक्षा मला सगळ्यात आवडली, कारण ती एका झटक्यात निम्मी शंका मिटवते. बऱ्याच मशीनमध्ये सुरू करायचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की चालू धुणं रद्द होतं आणि पाणी बाहेर काढलं जातं. बादलीत जोरात धार आली, तर मशीन आणि पाइप ठीक, दोष सिंकखालच्या ट्रॅपमध्ये. तिथे जोडाच्या तोंडाशी तुपाची आणि पिठाची गुठळी बसलेली असते. जोड नवा असेल तर त्याच्या तोंडावरचा प्लास्टिकचा पडदा प्लंबरने कापलेलाच नसतो, असंही होतं. बादलीत नुसती बारीक धार आली, तर अडथळा पाइपात किंवा पंपात.

आमची धार करंगळीएवढी होती. मशीन पुढे ओढलं तर कारण समोरच होतं. पन्हाळीचा तो घड्याघड्यांचा राखाडी पाइप मशीनची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये दुमडून चपटा झाला होता. दिवाळीच्या सफाईनंतर मीच ढकललं होतं, खांदा लावून. पाइप सरळ केला आणि मिनिटभरात बादलीत सगळं पाणी आलं. म्हणजे जाळी आधीपासून अर्धी तुंबलेली होती, पाइप मोकळा असेपर्यंत ते खपून जात होतं, आणि दुमड पडल्यावर दोन्ही दोष एकदम वर आले. एकदा कायमची दुमड पडलेला पाइप पुन्हा त्याच जागी मोडतो. आमच्या पाइपाला पांढरी रेघ उमटली होती, म्हणून तो बदलूनच टाकला.

पाइप सरळ असणं पुरेसं नाही, त्याची उंचीही लागते. मशीनमधून निघालेला पाइप आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर न्यायचा, तिथे बांधायचा आणि मग खाली ट्रॅपकडे उतरवायचा. ही कमान नसेल तर सिंक तुंबल्यावर सिंकमधलं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं. कोरड्या बाल्कनीत मशीन ठेवून पाइप सरळ न्हाणी ट्रॅपमध्ये सोडलेला मी दोन घरांत पाहिला आहे. तिथे दोष नेमका उलटा. पाइपाचं टोक मशीनच्या तळापेक्षा खाली असल्याने घेतलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं आणि मशीन घेतच राहतं. त्यालाही औषध तीच कमान, जमिनीपासून साधारण अर्धा मीटर ते एक मीटर उंचीवर. आणि पाइपाचं टोक पाण्यात बुडालेलं नको.

आता भांडी लावण्याबद्दल. जोसेफाइन कोक्रेन या अमेरिकन बाईंनी 1886 साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात भांडी ठेवायचे तारेचे कप्पे होते आणि धुण्याचं काम पाण्याच्या जोराने व्हायचं. आजही तत्त्व तेच आहे: पाण्याची धार जिथे पोचत नाही तिथे काही धुतलं जात नाही. कप्प्यांचे दात मुळात चपट्या प्लेटांसाठी. आपल्याकडे पातेली, कढया, तांबे, काठाची ताटं आणि वाट्यांची चळत. भारतात विकल्या जाणाऱ्या मशीनमध्ये दात आडवे पाडता येतात ते त्यासाठीच, पण कित्येकांना ते माहीत नसतं.

कढई पालथी, तोंड खाली आणि थोडी तिरकी ठेवायची, म्हणजे बुडावर पाणी साचत नाही. एक मोठं पातेलं मध्यभागी सपाट पालथं घातलं की ते छत्रीसारखं काम करतं आणि वरच्या पेल्यांपर्यंत खालचा फवारा पोचत नाही. त्याला कडेला सारावं. एकात एक गेलेल्या वाट्या आणि एकमेकांना चिकटून झोपलेले चमचे हे बाहेर काढताना जसे गेले तसेच मिळतात. काही चमचे देठावर, काही डोक्यावर उभे करावेत. साबणाच्या खणासमोर उंच ताट किंवा पोळपाटाएवढी थाळी आली तर खणाचं झाकण उघडतच नाही आणि धुणं संपल्यावर वडी जशीच्या तशी सापडते. (लाकडी पोळपाट-लाटणं मशीनमध्ये घालूच नये. ॲल्युमिनियमचा कुकरही नको, तो काळपट पडतो.)

ताटातलं उरलेलं बोटाने किंवा रबरी उलथन्याने डब्यात निपटायचं, पण नळाखाली विसळत बसायची गरज नाही. डिशवॉशरच्या साबणातली विकरं स्टार्च आणि प्रथिनांवर काम करतात, त्यांना तेवढं खरकटं चालतं. कढीपत्ता, मोहरी, मिरचीचे देठ मात्र त्यांना विरघळवता येत नाहीत. ते हातानेच काढायचे. आमच्याकडे जाळी आता दर रविवारी निघते आणि मशीनच्या मागे चार बोटं जागा सोडलेली असते.

इतकं करूनही बादलीत धार येत नसेल, किंवा मशीन बंद असताना पंप आपोआप घुरघुरत राहिला, तर नळ बंद करा, प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. दुसऱ्या प्रकारात पाणी बहुधा मशीनच्या तळपत्र्यात गळत असतं आणि ते घरी उघडायचं काम नाही.

आणि एक, अगदी रोजचं. भांडी लावून झाली की दार लावण्याआधी दोन्ही पंखे बोटाने एकदा गरगर फिरवून बघा. कुठे अडले, तर तिथून खाली डोकावणारा डाव किंवा झारा काढून आडवा ठेवा.