इंग्रजी वाक्यातले अधांतरी शब्द

'गेटिंग ऑफ द ट्रेन, माय वॉलेट वॉज स्टोलन.' या इंग्रजी वाक्यात गाडीतून उतरते आहे ते पाकीट. लिहिणाऱ्याला सांगायचे आहे की तो स्वतः गाडीतून उतरत असताना त्याचे पाकीट मारले गेले. पण तो माणूस कर्ता म्हणून वाक्यात कुठेच आलेला नाही. इंग्रजीत वाक्याच्या आरंभी असा कर्ता नसलेला शब्दसमूह आला, की स्वल्पविरामापलीकडे जो मुख्य कर्ता असेल त्यालाच तो जाऊन चिकटतो. इथे कर्ता 'माय वॉलेट' आहे.

दुसऱ्या शब्दाच्या अर्थात भर घालणाऱ्या किंवा त्याला मर्यादा घालणाऱ्या शब्दाला अथवा शब्दसमूहाला मॉडिफायर म्हणतात. ज्याच्याविषयी तो बोलतो ते नाम वाक्यात नसेल, तर तो डँगलिंग मॉडिफायर, म्हणजे अधांतरी राहिलेला. नाम वाक्यात आहे, पण मॉडिफायर त्याच्यापासून दूर पडून भलत्याच शब्दाशेजारी बसला असेल, तर तो मिसप्लेस्ड मॉडिफायर. दोन्ही दोषांवरचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्यात शब्द हलवून काम भागते. पहिल्यात नुसती हलवाहलव उपयोगाची नाही, कारण जे नाम हवे तेच तिथे नसते.

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हातून पहिला दोष विशेष होतो, आणि त्याचे कारण मराठीच्या रचनेत आहे. 'गाडीतून उतरताना पाकीट चोरीला गेले' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. 'ताना'वर संपणाऱ्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा अशी मराठीची अट नाही. उतरणारा कोण, हे संदर्भावरून कळते. 'ऊन'च्या बाबतीत कर्ता बहुधा एकच असतो, पण तिथेही 'पाऊस पडून रस्ते वाहून गेले' यासारखी वाक्ये चालतात. 'घरी येऊन मला लगेच झोप लागली' या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता 'झोप' आहे, तरी घरी आले कोण याबद्दल कुणाच्याही मनात शंका येत नाही, कारण 'मला' तिथे हजर आहे. इंग्रजीत ही सवलत नाही. तिथे 'मी' हा कर्त्याच्याच जागी बसावा लागतो. म्हणूनच मराठी वाक्य शब्दशः उचलले, की इंग्रजीत पाकीट गाडीतून उतरते आणि झोप घरी येते.

अर्जांमध्ये या दोषाचे एक रूप फार वेळा भेटते: 'हॅविंग वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स, माय एक्सपीरियन्स विल बी युजफुल टू युअर कंपनी.' सहा वर्षे बँकेत काम केल्यामुळे माझा अनुभव आपल्या कंपनीला उपयोगी पडेल, असा लिहिणाऱ्याचा आशय. हे वाक्य चटकन खटकत नाही, कारण 'माय' या शब्दामुळे अर्जदार वाक्यात असल्याचा भास होतो. पण 'माय' हे 'एक्सपीरियन्स'चे विशेषण आहे, तो कर्ता नव्हे. व्याकरणाप्रमाणे बँकेत सहा वर्षे अनुभवानेच नोकरी केली आहे.

दोष ओळखायची कसोटी एका ओळीची आहे. आरंभीच्या शब्दसमूहातल्या क्रियेला 'कोणी केले?' असा प्रश्न विचारायचा आणि स्वल्पविरामानंतरचा कर्ता हे त्याचे उत्तर आहे का, ते पाहायचे. बँकेत काम कोणी केले? 'आय'ने. कर्ता कोण? 'माय एक्सपीरियन्स'. उत्तरे जुळत नाहीत, म्हणजे मॉडिफायर अधांतरी आहे.

यावर दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आरंभीचा समूह तसाच ठेवून मुख्य वाक्याचा कर्ता बदलतात: 'हॅविंग वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स, आय कॅन हँडल लोन अकाउंट्स विदाउट फर्दर ट्रेनिंग.' आता बँकेत काम केलेला माणूसच कर्जखाती सांभाळतो आहे. 'आय' कर्ता झाल्यावर पुढे काय करता येते ते नेमके सांगणे भाग पडते आणि 'अनुभव उपयोगी पडेल' ही मोघम भाषा आपोआप गळते. दुसऱ्या मार्गात आरंभीच्या समूहालाच स्वतःचा कर्ता देऊन त्याचे पूर्ण उपवाक्य करतात: 'बिकॉज आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स, माय एक्सपीरियन्स विल बी युजफुल टू युअर कंपनी.' मुख्य वाक्य जसेच्या तसे राहिले, पण काम करणारा 'आय' आता स्पष्ट आहे. आरंभीचा समूह उचलून वाक्याच्या शेवटी टाकणे हा मात्र उपाय नव्हे. जागा बदलली तरी कर्ता 'एक्सपीरियन्स'च राहतो.

औपचारिक लेखनात, त्यातही शास्त्रीय अहवालांत, या दोषाला कर्मणी प्रयोगाची साथ मिळते. अहवालात 'मी' नको म्हणून कर्ता गाळला जातो आणि त्याच्यावर टेकलेले धातुसाधित उघडे पडते. 'आफ्टर हीटिंग द सोल्यूशन फॉर टेन मिनिट्स, द कलर चेंज्ड' या वाक्यात द्रावण तापवायचे काम रंगाकडे गेले आहे. इथे 'मी'ला परत आणण्याची गरज नाही. 'आफ्टर द सोल्यूशन हॅड बीन हीटेड फॉर टेन मिनिट्स, इट्स कलर चेंज्ड' असे लिहिले की उपवाक्याला स्वतःचा कर्ता मिळतो आणि अहवालाचा त्रयस्थ सूरही टिकतो. याहून सोपी युक्ती धातुसाधित काढून टाकण्याची आहे. 'युजिंग अ थर्मामीटर, द टेम्परेचर वॉज मेजर्ड' याऐवजी 'द टेम्परेचर वॉज मेजर्ड विथ अ थर्मामीटर' असे लिहिले की काहीच लटकत नाही.

धातुसाधित नसतानाही हा दोष होतो, आणि तेव्हा तो हेरणे अवघड जाते. 'ॲट द एज ऑफ सिक्स, माय फादर डाइड' असे एखादी मुलगी लिहिते. तिच्या वयाच्या सहाव्या वर्षी वडील गेले, पण वाक्यात सहा वर्षांचे वडीलच आहेत. 'व्हेन आय वॉज सिक्स, माय फादर डाइड' हे सरळ वाक्य केव्हाही बरे. 'ॲज'ने सुरू होणाऱ्या वाक्यांचेही असेच आहे. 'ॲज अ टीचर, द चिल्ड्रन आर माय फर्स्ट कन्सर्न' यात मुलेच शिक्षक झाली आहेत.

भारतातल्या कार्यालयीन पत्रांच्या शेवटी येणारे 'थँकिंग यू' हाही मुळात असाच प्रकार आहे. जुन्या पत्रांत 'थँकिंग यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली' असे सलग वाक्य असे आणि आभार मानणारा 'आय' तिथे कर्ता होता. पुढे 'आय रिमेन' गळले, स्वाक्षरीवरची ओळ वेगळी झाली आणि 'थँकिंग यू' एकटे उरले. ते इतके रूढ आहे की वाचणाऱ्याचा गैरसमज होत नाही. तरी 'थँक यू' हे पूर्ण वाक्य उपलब्ध असताना जुना अवशेष जपण्याचे कारण नाही. पत्राच्या आरंभी येणारे 'रेफरिंग टू युअर लेटर, द अमाउंट हॅज बीन पेड' हे वाक्य मात्र सरळ सदोष आहे. पत्राचा उल्लेख रक्कम करत नाही.

कर्त्याशी न जुळणारे प्रत्येक धातुसाधित मात्र चूक ठरत नाही. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'जनरली स्पीकिंग' असे शब्द वापरून वापरून शब्दयोगी अव्ययांसारखे झाले आहेत. 'कन्सिडरिंग द कॉस्ट, द प्लॅन वॉज ड्रॉप्ड' या वाक्यात खर्चाचा विचार योजनेने केला असे कोणी समजत नाही. 'द वेदर बीइंग फाइन, वी वेंट आउट' यात आरंभीच्या समूहाला 'द वेदर' हा स्वतःचा कर्ता आहे, त्यामुळे तो अधांतरी नाहीच. मराठीतले 'पाऊस पडून' तसेच आहे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजाचे भूत आपल्या मरणाची लोकांत पसरवलेली हकिगत सांगते. तिथेही बागेत झोपलेला राजा आहे, पण व्याकरणाने झोप सापाच्या वाट्याला आली आहे. म्हणजे थोर लेखकही अशी रचना करत आले आहेत, आणि संदर्भ भक्कम असला तर वाचक अडखळत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या पुस्तिकेत मात्र आरंभीचे धातुसाधित व्याकरणातल्या कर्त्याविषयीच असले पाहिजे असा नियमच घातला, आणि औपचारिक लेखनात आजही अपेक्षा तीच आहे. ती रास्त आहे. अर्ज किंवा अहवाल वाचणाऱ्यापाशी लिहिणाऱ्याचा संदर्भ नसतो.

मिसप्लेस्ड मॉडिफायरमध्ये गमतीदार अर्थापेक्षा दुहेरी अर्थाचा धोका मोठा, आणि सूचना, नियम, करार यांत तो महागात पडतो. 'द सर्टिफिकेट विल बी इश्यूड टू कँडिडेट्स हू हॅव पास्ड द एक्झामिनेशन विदिन थर्टी डेज.' तीस दिवसांची मुदत कशाला आहे? प्रमाणपत्र देण्याला की परीक्षा उत्तीर्ण होण्याला? 'विदिन थर्टी डेज' हे शब्द 'पास्ड'च्या बाजूला आहेत, म्हणून वाचक त्यांना तिथेच जोडू पाहतो. मुदत प्रमाणपत्राची असेल तर ते शब्द 'इश्यूड'च्या लगेच मागे आणावेत: 'द सर्टिफिकेट विल बी इश्यूड विदिन थर्टी डेज टू कँडिडेट्स हू हॅव पास्ड द एक्झामिनेशन.' एकही शब्द बदलला नाही आणि वाद मिटला.

'ओन्ली' हा शब्द यात सर्वांत चंचल. 'ओन्ली मेंबर्स मे बॉरो टू बुक्स' म्हणजे दोन पुस्तके नेण्याची सवलत फक्त सभासदांना. 'मेंबर्स मे बॉरो ओन्ली टू बुक्स' म्हणजे सभासदांनी दोनच पुस्तके न्यावीत. बोलताना आवाजाच्या जोराने अर्थ कळतो, लेखनात जागाच तो जोर देते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात अर्थाचा घोटाळा होत नसेल तर 'ओन्ली' क्रियापदाआधी येऊ द्यावा असे उदार मत मांडले होते, आणि रोजच्या भाषेपुरते ते योग्यच आहे. ग्रंथालयाच्या नियमावलीत मात्र ज्या शब्दाला मर्यादा घालायची त्याच्या अगदी आधी 'ओन्ली' ठेवणे सुरक्षित.

काही वेळा मॉडिफायर दोन क्रियापदांच्या मधोमध अडकतो आणि दोन्हीकडे पाहू लागतो. 'द चेअरमन सेड ऑन मंडे द ऑफिस वुड बी क्लोज्ड.' अध्यक्ष सोमवारी बोलले, की कार्यालय सोमवारी बंद राहणार? इथे शब्द हलवायचीही गरज नाही, फक्त 'दॅट' घालायचा. 'सेड ऑन मंडे दॅट' लिहिले तर सोमवार बोलण्याचा, आणि 'सेड दॅट ऑन मंडे' लिहिले तर सोमवार सुट्टीचा.