आजचा पगार की तीन वर्षांनंतरचा बोनस?

पुण्यातल्या एका अभियंता तरुणीपुढे नोकरीचे दोन प्रस्ताव आहेत, असे समजू. पहिली कंपनी वर्षाला 12 लाख रुपये पगार देते, म्हणजे महिन्याला 1 लाख. दुसरी कंपनी वर्षाला 10 लाख 80 हजार देते, म्हणजे महिन्याला 90 हजार. पण तीन वर्षे पूर्ण झाल्यावर 4 लाख 20 हजारांचा एकरकमी बोनस देण्याचे पत्रात लिहून देते. काम, गाव आणि कामाचे तास दोन्हीकडे सारखेच आहेत. दोन्ही आकडे खरोखर पगार म्हणून मिळणारे आहेत. विमा आणि कँटीन मिळवून फुगवलेला सीटीसीचा आकडा इथे धरलेला नाही. सोपेपणासाठी तीन वर्षांत पगारवाढ होत नाही आणि नोकरी 1 एप्रिलला सुरू होते, असेही मानू.

नुसती बेरीज केली तर बोनसचे पारडे जड दिसते. पहिल्या कंपनीत दरमहा 10 हजार जास्त मिळतात, ते छत्तीस महिन्यांत 3 लाख 60 हजार होतात. दुसरीकडे 4 लाख 20 हजार आहेत. फरक 60 हजारांचा. घरातली वडीलधारी माणसे आणि ऑफिसातले मित्र बहुधा इथेच थांबून सल्ला देतात. पण ही बेरीज वेगवेगळ्या तारखांचे रुपये एकाच ढिगात टाकते. पहिल्या महिन्यात हाती आलेले 10 हजार पस्तीस महिने व्याज कमावू शकतात. बोनसचा रुपया मात्र तीन वर्षे कंपनीकडेच राहतो आणि त्याचे व्याजही कंपनीलाच मिळते. तुलना न्याय्य व्हायची तर सगळ्या रकमा एकाच तारखेला आणाव्या लागतात. ती तारीख आजची धरली की मिळते ते वर्तमान मूल्य.

त्यामागचा विचार सरळ आहे. बँकेत 7 टक्के व्याज मिळत असेल तर आज ठेवलेले 100 रुपये वर्षाने 107 होतात. म्हणून वर्षानंतर मिळणाऱ्या 107 रुपयांची आजची किंमत 100 रुपये. पुढच्या रकमेला ‘1 + व्याजाचा दर’ याने भागत मागे यायचे, जितकी वर्षे दूर तितक्या वेळा. उलट्या दिशेने चालणाऱ्या या चक्रवाढीला वटाव म्हणतात आणि त्यासाठी वापरलेल्या दराला वटावाचा दर. हे गणित फार जुने आहे. 1582 मध्ये सिमॉन स्टेव्हिन यांनी व्याजाची कोष्टके छापून प्रसिद्ध केली. ते स्वतः अभियंते होते, हे या उदाहरणाच्या संदर्भात सांगण्यासारखे आहे. आज कोष्टकांऐवजी स्प्रेडशीटच्या दोन ओळी पुरतात. दर वार्षिक 7 टक्के, वटाव महिन्यागणिक आणि पगार महिनाअखेरीस धरला, तर त्या ओळी अशा होतात:

```
=PV(7%/12, 36, -10000)
=PV(7%/12, 36, 0, -420000)
```

पहिली ओळ जादा पगाराची आजची किंमत सांगते: सुमारे 3 लाख 24 हजार. दुसरी बोनसची: सुमारे 3 लाख 41 हजार. साठ हजारांची आघाडी सतरा हजारांवर आली, पण बोनस अजून पुढेच आहे.

हे उत्तर 7 टक्क्यांचे आहे, आणि तो दर सगळ्यांना लागू नाही. मुदत ठेवीचा दर अशा माणसासाठी योग्य, जो जादा 10 हजार खरोखरच ठेवीत टाकणार आहे. या तरुणीने 12 टक्क्यांनी शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर तिच्या हाती आलेला प्रत्येक जादा रुपया कर्जात भरता येतो आणि 12 टक्के व्याज वाचवतो. नव्या कररचनेत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळत नाही, त्यामुळे ते 12 टक्के पूर्णच्या पूर्ण तिच्या खिशातून जातात. मग तिचा वटावाचा दर 12 टक्के झाला. त्या दराने जादा पगाराची किंमत सुमारे 3 लाख 1 हजार येते आणि बोनसची सुमारे 2 लाख 94 हजार. पारडे फिरले.

दोन्ही बाजू जिथे सारख्या होतात तो दर काढून ठेवणे सर्वांत उपयोगी असते. या उदाहरणात `=RATE(36,-10000,0,420000)*12` हे सूत्र तो सुमारे 10.3 टक्के दाखवते. याचा अर्थ असा की बोनस स्वीकारणे म्हणजे दरमहा 10 हजार रुपये कंपनीकडे 10.3 टक्क्यांनी ठेवणे. ज्याला याहून महाग कर्ज फेडायचे आहे त्याने पगार घ्यावा. ज्याच्यापाशी ठेवीखेरीज दुसरा पर्याय नाही, त्याला बोनस परवडतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी असणाऱ्याने तर हिशोब मांडायचीही गरज नाही.

इथवरचे गणित पाठ्यपुस्तकात सापडते. प्रत्यक्ष निर्णय मात्र बहुतेक वेळा प्राप्तिकर फिरवतो, आणि नेमका तोच भाग हिशोबातून सुटतो. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून 12 लाख 75 हजारांपर्यंतचा पगार करमुक्त ठरतो. हेच दर पुढेही राहतील असे धरू. पहिल्या कंपनीतला 12 लाखांचा पगार तिन्ही वर्षे या मर्यादेच्या आत बसतो. दर महिन्याचे जादा 10 हजार पूर्ण हाती येतात.

दुसऱ्या कंपनीत पहिली दोन वर्षे कर नाही. तिसऱ्या वर्षी मात्र 10 लाख 80 हजार पगार आणि 4 लाख 20 हजार बोनस मिळून उत्पन्न 15 लाख होते. वजावटीनंतर 14 लाख 25 हजार उरतात. उत्पन्न 12 लाखांच्या बरेच पुढे गेल्यामुळे शून्य कराची सवलत संपूर्ण जाते आणि कर 4 लाखांच्या वरच्या टप्प्यांपासून लागतो. पहिल्या चार लाखांच्या टप्प्यावर 5 टक्क्यांनी 20 हजार, पुढच्या चार लाखांवर 10 टक्क्यांनी 40 हजार, आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर 15 टक्क्यांनी 33,750. एकूण 93,750, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 97,500 रुपये. हा सगळा कर बोनसमुळेच आला, कारण बोनस नसता तर त्या वर्षीही तो शून्यच होता. 4 लाख 20 हजारांच्या बोनसमधले हाती 3 लाख 22 हजार 500 येतात. ही रक्कम पगारातल्या 3 लाख 60 हजारांच्या साध्या बेरजेपेक्षाही कमी आहे. तिचे 7 टक्क्यांनी वर्तमान मूल्य सुमारे 2 लाख 62 हजार, आणि पगाराचे 3 लाख 24 हजार. फरक 62 हजारांचा, आता पगाराच्या बाजूने. इथे कोणता वटावाचा दर धरायचा हा वादही उरत नाही. दर शून्य धरला तरी पगारच जिंकतो.

हे या उत्पन्नाच्या पातळीवर घडते, सगळीकडे नाही. पगार आधीच 30 लाखांच्या आसपास असेल तर जादा पगार आणि बोनस दोन्हींवर 30 टक्क्यांच्याच टप्प्याचा कर लागतो आणि करामुळे तुलना बदलत नाही. उंबरठ्याजवळ उभ्या असलेल्या नवख्या अभियंत्याला मात्र एकरकमी बोनस महागात पडतो.

शिवाय बोनस मिळेलच याची खात्री किती? अशा पत्रांत एक अट बहुधा असते: बोनस देण्याच्या तारखेला कर्मचारी नोकरीत हवा आणि त्याने राजीनामा दिलेला नसावा. दोन वर्षे अकरा महिने काम करून नोकरी सोडली तर हाती काहीच येत नाही. पहिल्या कंपनीतून मधेच बाहेर पडणारा मात्र तोवरचे जादा 10 हजार घेऊनच जातो. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नोकरी सुटण्याची शक्यता प्रत्येकी 10 टक्के धरली, तर तिसऱ्या वर्षअखेरीपर्यंत टिकण्याची शक्यता 81 टक्के राहते. कर बाजूला ठेवून 7 टक्क्यांनी पाहिले तरी बोनसची अपेक्षित किंमत 3 लाख 41 हजारांवरून 2 लाख 76 हजारांवर उतरते. पगाराची 2 लाख 94 हजारांवर थांबते, कारण त्यातले पहिले वर्ष या हिशोबात पक्के आहे. ही अनिश्चितता दाखवण्यासाठी काही जण वटावाचा दरच वाढवतात. तसे केले तर शक्यतेने पुन्हा गुणू नये, नाहीतर एकच धोका दोनदा मोजला जातो.

तेव्हा आहे त्या स्वरूपात पहिला प्रस्तावच सरस. पण हेच गणित वाटाघाटीत उलटे चालवता येते. नोकरी टिकणारच असे धरले तर 7 टक्के दराने, कर भरून बरोबरी साधायला बोनस सुमारे 5 लाख 11 हजारांचा लागेल. नोकरी सुटण्याची वरची शक्यता धरली तर सुमारे 5 लाख 68 हजारांचा. एवढी वाढ कंपनी सहसा देणार नाही.

तिच्याकडे मागण्याजोगी दुसरी गोष्ट मात्र आहे, आणि बोनसच्या रकमेत ती एका रुपयाचीही भर मागत नाही: तेच 4 लाख 20 हजार दर वर्षअखेरीस 1 लाख 40 हजारांप्रमाणे द्यावेत. मग प्रत्येक वर्षाचे उत्पन्न 12 लाख 20 हजार होते, करमुक्त मर्यादेच्या आत राहते आणि 97,500 रुपयांचा कर नाहीसा होतो. 7 टक्क्यांनी या तीन हप्त्यांचे वर्तमान मूल्य सुमारे 3 लाख 66 हजार येते. 12 टक्क्यांनीही 3 लाख 32 हजार, म्हणजे कर्ज असले तरी पगारापेक्षा जास्त. नोकरी सुटण्याची शक्यता धरूनही 7 टक्क्यांनी ते 3 लाख 32 हजारच्या आसपास राहते, पगाराच्या 2 लाख 94 हजारांच्या वर. कंपनीने हे मान्य करून हप्त्यांच्या तारखा पत्रात मार्चअखेरच्या आत घातल्या तर त्या तरुणीने दुसरी नोकरी घ्यावी. नाही केले तर पहिली.