आकडे दहा हजारपटीने कमी, मेमरी मात्र एकतृतीयांश

जीपीटी-३ या भाषा-मॉडेलमध्ये १७,५०० कोटी आकडे आहेत. साध्या इंग्रजी प्रश्नावरून डेटाबेसला द्यायची क्वेरी लिहिण्यासारखे एखादे खास काम त्याला शिकवायचे, तर सरळ मार्ग म्हणजे त्या कामाची उदाहरणे दाखवत हे सगळे आकडे थोडेथोडे बदलत जायचे. या फाइन-ट्यूनिंगला तब्बल १.२ टेराबाइट जीपीयू मेमरी लागत होती आणि दर नव्या कामागे ३५० गिगाबाइटची एक संपूर्ण प्रत साठवावी लागत होती. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या एडवर्ड हू आणि सहकाऱ्यांनी यावर लो-रँक अ‍ॅडाप्टेशन, म्हणजेच ‘लोरा’, ही पद्धत सुचवली.

यातला ‘रँक’ समजायला शाळेतला पाढ्यांचा तक्ता पुरे. एक ते दहाच्या तक्त्यात शंभर आकडे असतात, पण वरची ओळ आणि डावीकडचा स्तंभ एवढे वीस आकडे माहीत असले की गुणाकार करून सगळा तक्ता उभा करता येतो. अशा तक्त्याची रँक एक. ओळ-स्तंभाच्या चार जोड्यांतून बनलेले चार तक्ते एकमेकांत मिळवले, तर बेरजेची रँक फार तर चार.

मॉडेलमधले आकडेही अशाच तक्त्यांत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडलेले असतात. लोरा मूळ मॅट्रिक्सला हात लावत नाही. तिच्यात जो बदल मिळवायचा, तो कमी रँकचाच असेल, अशी अट ती घालते. बदल दोन अरुंद मॅट्रिक्सच्या गुणाकारातून येतो आणि शिकवले जातात ते फक्त या दोघींतले आकडे. सुरुवातीला एकीत यादृच्छिक आकडे आणि दुसरीत सगळी शून्ये असतात. त्यामुळे पहिल्या क्षणी बदल शून्य असतो आणि मॉडेल मूळ रूपातच वागते.

आता हिशेब पाहू. जीपीटी-३ च्या अटेन्शन भागातली एक मॅट्रिक्स १२,२८८ × १२,२८८ आकाराची, म्हणजे सुमारे १५.१ कोटी आकड्यांची. रँक ४ धरली तर दोन अरुंद मॅट्रिक्स मिळून आकडे होतात ९८,३०४. मॉडेलच्या ९६ थरांपैकी प्रत्येकातल्या ‘क्वेरी’ आणि ‘व्हॅल्यू’ या दोनच मॅट्रिक्सना ही जोड दिली, की एकूण सुमारे १.९ कोटी. १७,५०० कोटींशी तुलना केली तर जवळपास दहा हजारपटीने कमी. साठवायची फाइलही ३५० गिगाबाइटवरून सुमारे ३५ मेगाबाइटवर येते.

इतका तुटपुंजा बदल पुरतो कसा? मॉडेलला भाषा आधीच येत असते, नव्या कामासाठी तिला फक्त वळण द्यायचे असते. याची चुणूक २०२० मध्येच दिसली होती. फेसबुकमधल्या संशोधकांनी ‘रॉबर्टा’ या कोट्यवधी आकड्यांच्या मॉडेलला दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे का हे ओळखायला शिकवले. केवळ २०० आकडे शिकवून, संपूर्ण फाइन-ट्यूनिंगने जमते त्याच्या ९० टक्के कामगिरी त्यांनी गाठली.

पण आकडे दहा हजारपटीने घटले तरी मेमरी १.२ टेराबाइटवरून ३५० गिगाबाइटवरच आली, म्हणजे जेमतेम एकतृतीयांश झाली. नेहमीच्या फाइन-ट्यूनिंगमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक आकड्यासोबत तो कुठे वळवायचा हे सांगणारा ग्रेडियंट, आणि ‘अ‍ॅडम’ ही नेहमीची पद्धत वापरली तर दोन चालू सरासऱ्या सांभाळाव्या लागतात. लोरात हा पसारा जवळजवळ नाहीसा होतो. गोठवलेले मॉडेल मात्र मेमरीत ठेवावेच लागते, कारण चुकीचा माग उलटा त्यातूनच काढायचा असतो. दोन बाइटांचा एक आकडा धरला, तर १७,५०० कोटींचे होतात नेमके ३५० गिगाबाइट. म्हणूनच २०२३ मध्ये आलेल्या ‘क्यूलोरा’ने या गोठवलेल्या भागालाच हात घातला. त्यातला प्रत्येक आकडा चार बिटांत बसवल्यावर ६,५०० कोटी आकड्यांचे मॉडेल ४८ गिगाबाइटच्या एकाच जीपीयूवर शिकवता आले.

शिकवून झाल्यावर दोन अरुंद मॅट्रिक्सचा गुणाकार मूळ मॅट्रिक्समध्ये मिळवून टाकता येतो, त्यामुळे वापरताना मॉडेल जराही मंदावत नाही.

मर्यादा आहे ती रँकच्या अटीत. प्रोग्रामिंग किंवा गणितासारखे पुष्कळ नवे ज्ञान भरपूर मजकुरातून द्यायचे असेल, तेव्हा बदलाची रँक मोठी लागते. २०२४ च्या एका अभ्यासात नेहमीच्या कमी रँकची लोरा अशा कामात संपूर्ण फाइन-ट्यूनिंगच्या मागे पडली, मात्र आधी येणाऱ्या गोष्टी ती कमी विसरली. आपल्या कामाला रँक अपुरी पडते आहे का, हे तपासणे अवघड नाही. रँक दुप्पट करून पाहावी. बाजूला राखलेल्या उदाहरणांवरच्या चुका घटल्या, तर आधीची रँक तोकडी होती. काहीच फरक पडला नाही, तर लहान रँकवरच थांबावे, मोठीवर केलेला खर्च वायाच जातो.