शौचात पांढरे तुकडे दिसले तर लपवू नका, डबीत घेऊन दवाखान्यात दाखवा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज, पोरांची शाळा असं सगळं बोलतो. पण शौचात काय दिसलं हे कोणी बोलत नाही. पोटात पट्टकृमी असलेली बाई हे महिनोन् महिने लपवते आणि घरात सगळ्यांसाठी भाकरी थापत राहते. एका बाईच्या पोटातला हा जंत घरातल्या दुसऱ्या माणसाला फिट आणू शकतो, म्हणून या वेळी या विषयावर लिहीत आहोत.

आधी ओळख पटवू

जंत म्हटलं की आपण सगळ्याला एकच नाव देतो. पण काय बाहेर पडलं यावरून फरक कळतो. लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज येते आणि दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक पांढरे किडे दिसतात, ते सुतकृमी. गांडुळासारखा गोल, वीतभर लांब बाहेर पडतो, तो गोल जंत. पट्टकृमी या दोघांहून वेगळा. तो नाडीच्या पट्टीसारखा चपटा असतो आणि छोट्या छोट्या तुकड्यांची साखळी असावी तसा जोडलेला असतो. आतड्याला डोक्याने चिकटून तो काही मीटर लांब वाढतो. शेपटाकडचे पिकलेले तुकडे सुटून शौचावाटे बाहेर येतात. तुकडा पांढरट, चपटा, साधारण एक-दोन सेंटिमीटर लांब, भोपळ्याच्या बीसारखा दिसतो. वाळला की तांदळाच्या दाण्यासारखा पिवळट होतो. कधी कपड्याला, कधी अंथरुणाला चिकटलेला सापडतो.

बाकी लक्षणं फसवी आहेत. पुष्कळ जणींना काहीच त्रास होत नाही. काहींचं पोट दुखतं, मळमळतं, भूक एकदम वाढते नाहीतर मरते, वजन थोडं उतरतं, गुदद्वाराशी खाज येते. हा त्रास दुसऱ्या दहा कारणांनीही होतो. म्हणून लक्षणांपेक्षा तुकडा दिसणं हीच खरी खूण धरा.

हा येतो कुठून?

माणसाला होणारे मुख्य पट्टकृमी दोन. एक डुकराच्या मांसातून येतो, दुसरा गाय-म्हैस वर्गातल्या जनावरांच्या मांसातून, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'मोठ्याचं' म्हणतात त्यातून. बकऱ्याच्या मटणातून किंवा कोंबडीतून हे दोन्ही येत नाहीत. तरी तेही पूर्ण शिजवूनच खायचं, कारण त्यातून दुसरे आजार होतात.

गोष्ट अशी घडते. उघड्यावर पडलेलं माणसाचं शौच डुक्कर खातं. त्या शौचात पट्टकृमीची अंडी असतील तर ती डुकराच्या पोटात फुटतात आणि त्याच्या मांसात पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या तयार होतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या त्या दिसतात, आत एक पांढरा ठिपका असतो. ते मांस कच्चं राहिलं आणि पोटात गेलं, की त्या एका पिशवीतून आतड्यात एक पट्टकृमी वाढतो. दोन-तीन महिन्यांत त्याचे तुकडे बाहेर पडू लागतात. म्हणजे आज तुकडा दिसला तर कालचं जेवण आठवू नका, दोन-चार महिन्यांपूर्वीचं आठवा.

खरा धोका अंड्यांचा

इथे नीट लक्ष द्या. कच्च्या मांसातली पिशवी खाल्ली तर जंत आतड्यात वाढतो. पण डुकराच्या पट्टकृमीची *अंडी* तोंडावाटे पोटात गेली, तर जे डुकराच्या अंगात झालं तेच माणसाच्या अंगात होतं. पिशव्या मांसात, डोळ्यात आणि मेंदूत तयार होतात. मेंदूतल्या पिशवीमुळे डोकं दुखतं आणि फिट येते, कधी काही वर्षांनीसुद्धा. आपल्या देशात मोठ्या वयात पहिल्यांदा फिट येण्यामागे हे एक नेहमी सापडणारं कारण आहे. लोक त्याला बाहेरची बाधा समजतात, कांदा हुंगवतात आणि वेळ जातो.

ही अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचात असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. शौचानंतर हात साबणाने धुतले नाहीत तर नखांत राहतात आणि तिथून कणकेत, चटणीत, लेकराच्या घासात जातात. उघड्यावर बसायच्या जागेजवळच्या मळ्यातली काकडी, मुळा, कोथिंबीर न धुता खाल्ली तरी पोटात जातात. म्हणून ज्यांनी आयुष्यात मांसाला हात लावला नाही, माळ घातली आहे, त्यांनाही मेंदूतला हा आजार होऊ शकतो.

याचं एक गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्क शहरातलं आहे. तिथल्या कर्मठ ज्यू समाजात डुकराचं मांस धर्माने वर्ज्य. तरी त्या समाजातल्या चार जणांना फिट आल्या आणि मेंदूत याच पिशव्या निघाल्या. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा या घरांत काम करणाऱ्या बायकांपैकी एकीच्या पोटात पट्टकृमी सापडला. हे १९९२ साली वैद्यकीय मासिकात छापून आलं. दोष त्या बाईचा नव्हता. पोटातला जंत कोणी तपासला नव्हता, एवढंच. 'मोठ्याच्या' मांसातल्या पट्टकृमीची अंडी अशी मेंदूत जात नाहीत. पण कोणता जंत आहे हे घरी ओळखता येत नाही, म्हणून काळजी दोन्हींत सारखीच घ्यायची.

तुकडा दिसला तर काय करायचं?

समजा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या एका ताईला सकाळी शौचात दोन पांढरे चपटे तुकडे दिसले. तीन महिन्यांपूर्वी लग्नात निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस तिने खाल्लं होतं. तिने असं करावं.

काडीने किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून तुकडा झाकणाच्या छोट्या डबीत घ्यावा, थोडं स्वच्छ पाणी घालावं. उघड्या हाताने धरू नये. हात साबणाने धुवावेत. ती डबी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. मग आशाताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथे डबी दाखवावी आणि कोणतं मांस खाल्लं तेही सांगावं. डॉक्टर शौचाची तपासणी सांगतील. एका तपासणीत अंडी सापडतीलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागितले तर कंटाळू नये.

यावर औषध आहे आणि साधं आहे. प्राझिक्वांटेल नावाची गोळी बहुतेक वेळा एकदाच घ्यावी लागते. डोस वजनावर ठरतो, दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला २५० ते ५०० मिलिग्रॅम. निक्लोसामाइड नावाचं दुसरं औषधही आहे. कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला, म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. घरात उरलेली तीच गोळी खाऊन मोकळं होऊ नका. एका गोळीने पट्टकृमी जाईलच याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे, मेंदूत पिशव्या असतील तर अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेल या दोन्ही औषधांनी तिथे सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाच: कधी फिट आली होती का, डोकं सारखं दुखतं का, आणि दिवस गेले आहेत का किंवा बाळ अंगावर पितं का.

गोळीनंतर जंत अख्खा बाहेर पडेल म्हणून वाट बघू नका. बऱ्याचदा तो आतच विरघळून जातो. डोकं आतड्यात चिकटून राहिलं तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तुकडे दिसू लागतात. म्हणून महिन्याने आणि तीन महिन्यांनी शौच पुन्हा तपासून घ्यावं. उपचार चालू असताना शौचालयातच जावं, नखं कापावीत, चादरी-कपडे गरम पाण्यात धुवावेत. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करायला सांगावी.

घरात कोणाला फिट आली असेल, तर नुसत्या जंताच्या गोळीवर थांबू नका. मेंदूचा स्कॅन लागतो आणि उपचार वेगळा असतो. त्यासाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा.

चुलीजवळ काय बदलायचं?

कच्चं राहायच्या जागा तीनच. पहिली, निखाऱ्यावर भाजलेला मोठा तुकडा. वरून करपतो, आत लालच राहतो. तुकडे लहान करा, भाजायचेच असतील तर आधी शिजवून घ्या. दुसरी, मीठ बघायची सवय. फोडणीत परतताना अर्धा कच्चा तुकडा स्वयंपाक करणारीच तोंडात टाकते. मीठ रश्शाला उकळी आल्यावर, मांस शिजल्यावर बघा. तिसरी, विळी आणि पाट. कच्चं मांस कापलेल्या विळीवर तशीच काकडी-कांदा चिरू नका, आधी साबणाने धुवा.

शिजलं की नाही ते असं बघा. सगळ्यात जाड तुकडा मधोमध तोडा. आत कुठेही गुलाबी नको, रस लाल नको, आणि हाडापासून मांस सहज सुटलं पाहिजे. पिशव्या साधारण ६० ते ६५ अंशाला मरतात. रटरट उकळणाऱ्या रश्शात मांस मऊ होईपर्यंत ठेवलं तर ही उष्णता आतपर्यंत पोचते. मसाला, लिंबू, मीठ किंवा दारू लावून त्या मरत नाहीत. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पाही कामाचा नाही, कारण त्याला उणे तापमान सलग काही दिवस टिकावं लागतं आणि आपल्याकडे वीज कधी जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

विकत घेताना मांसात साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर घेऊच नका. पण दाणे दिसले नाहीत म्हणजे मांस निर्धोक असंही समजू नका. थोडे दाणे आत लपलेले राहतात. ज्या गटांच्या बायका डुकरं पाळतात त्यांनी ती बांधलेली ठेवावीत, गावातल्या हागणदारीकडे मोकळी सोडू नयेत. डुक्कर शौचापर्यंत पोचलंच नाही तर त्याच्या मांसात दाणे होणार नाहीत.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. आणि सगळ्यांदेखत सांगायला जिला संकोच वाटेल, तिला बैठक संपल्यावर आशाताईशी बाजूला बोलता येईल, एवढी सोय करून द्या.