डावीकडून तिसरी कोण?

क्रीडादिनाचे फोटो पालकांच्या हाती येतात तेव्हा त्यांच्याखाली बहुधा एकच ओळ असते : 'खेळाचा आनंद लुटताना विद्यार्थी.' फोटो चाळीस असले तर चाळिसांखाली हीच. ओळ खोटी नसते, पण तिच्यातून काही कळतही नाही. खेळ कोणता, इयत्ता कोणती, सूर मारणारी ती मुलगी कोण, हे सगळं बघणाऱ्यानेच ओळखायचं. बक्षीससमारंभाच्या फोटोखाली मात्र पाहुण्यांची नावं पदांसह, मानाच्या क्रमाने आणि अचूक छापलेली असतात. बक्षीस घेणारी मुलगी तिथेही नुसती 'विजेती विद्यार्थिनी'. दिवस मुलांचा असतो, तेव्हा नावंही आधी मुलांची यावीत, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण गर्दीची आहे. एका चौकटीत बारा मुलं, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, निम्म्यांचे चेहरे वळलेले. अशा फोटोची फोटोओळ कशी लिहायची, हे एकाच सामन्यावरून पाहू. समजा, सातवीच्या दोन तुकड्यांतल्या मुलींचा खो-खोचा अंतिम सामना आहे आणि आपल्याकडे त्याचे दोन फोटो आहेत : एक खेळ चालू असतानाचा, दुसरा सामन्यानंतर विजेत्या संघाचा. यातली नावं अर्थातच काल्पनिक आहेत.

खेळाच्या फोटोत 'डावीकडून' म्हणून नावांची रांग लावायला गेलं की खो-खो लगेच अडवतो. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पट्टीत बसलेल्या असतात आणि शेजारशेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. मैदानाच्या लांब बाजूने फोटो काढला तर चौघींचे चेहरे दिसतात आणि चौघींच्या फक्त पाठी. पाठीखाली नाव लिहून कुणालाच काही ओळखता येत नाही. शिवाय हा फोटो त्या आठ जणींचा नसतोच. तो त्या क्षणी धावणाऱ्या दोघींचा असतो. तेव्हा नावं फक्त त्यांचीच द्यावीत आणि ओळख जागेवरून नव्हे, कृतीवरून पटवावी : 'सातवी अच्या तन्वीला बाद करण्यासाठी खांबाजवळ सूर मारताना सातवी बची सई. मुलींच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात सातवी बचा संघ विजयी झाला.' कोण पळते आहे आणि कोण झेपावते आहे हे फोटोतच दिसतं, त्यामुळे 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' लिहायची गरजच उरत नाही.

या दोन वाक्यांची कामं वेगळी आहेत. पहिलं वाक्य फोटोत दिसणाऱ्या क्षणाबद्दल आहे. दुसरं फोटोत न दिसणारी माहिती देतं, आणि ती फोटोवरून ताडलेली नसावी. शंभर मीटरच्या शर्यतीत साठाव्या मीटरला जो पुढे दिसतो तो पहिला आलाच असेल असं नाही. निकाल पंचांच्या कागदावरूनच घ्यावा. तीच गोष्ट भावनांची. डोळे पुसणारी मुलगी हरल्यामुळे रडते आहे, जिंकल्यामुळे, की डोळ्यांत धूळ गेली म्हणून, हे फोटो सांगत नाही. तिला विचारलं नसेल तर त्याबद्दल लिहू नये. आणि पोत्याच्या शर्यतीत तोंडावर पडलेल्या मुलाचा फोटो कितीही गमतीदार आला असला, तरी त्याखाली त्याचं नाव घालू नये. ती ओळ त्याला वर्गात वर्षभर ऐकावी लागते.

फोटोओळीत आपल्याला '-ताना' फार सोयीचं पडतं, पण ते नेमकं कुणाला लागतं हे दर वेळी तपासायला हवं. 'बक्षीस घेताना मुख्याध्यापिका आणि सई' असं लिहिलं की बक्षीस दोघींनी घेतल्यासारखं वाटतं. 'मुख्याध्यापिकांकडून बक्षीस घेताना सई' असं लिहिलं की गोंधळ मिटतो, आणि वाक्य ज्या मुलीबद्दल आहे तिच्यावरच येऊन थांबतं.

आता संघाचा फोटो. बारा खेळाडू आणि दोन शिक्षक, म्हणजे चौदा चेहरे. मागे सहा मुली उभ्या, मध्ये खुर्च्यांवर दोन शिक्षक आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मुलगी, पुढे जमिनीवर चौघी. इथे प्रत्येकीचं नाव यायलाच हवं, कारण हा फोटो त्यासाठीच काढलेला असतो. चौदा नावं एका दमात 'डावीकडून' अशी लिहिली आणि मधलं एक जरी सुटलं, तर पुढची सगळी एकेक घर सरकतात, आणि ती सरकल्याचं लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून रांगा वेगळ्या कराव्यात : 'उभ्या, डावीकडून', 'खुर्चीवर, डावीकडून', 'जमिनीवर, डावीकडून'. चूक झाली तर ती त्या रांगेपुरती राहते. लिहून झालं की प्रत्येक रांगेतली डोकी मोजायची आणि नावं मोजायची. सहा डोकी आणि पाच नावं निघाली की काय झालं ते लगेच कळतं.

मोजणी जुळूनही क्रम उलटा असू शकतो, आणि याचं कारण बहुतेक वेळा नावं कुणी लिहून घेतली यात सापडतं. फोटोओळीतली डावी बाजू नेहमी बघणाऱ्याची. पण सरांनी रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या कर्णधाराच्याच हातात कागद दिला, तर ती स्वतःच्या डावीकडून सुरुवात करते, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडून. नावं सहाच्या सहा बरोबर, क्रम पूर्ण उलटा. हे पकडायचा सोपा उपाय म्हणजे रांगेतल्या एखाद्या मुलीची दिसणारी खूण ओळीत लिहून टाकणं : 'जमिनीवर, डावीकडून : ईश्वरी, सई (कर्णधार, ढाल हातात), आर्या, मृण्मयी.' ढाल डावीकडून दुसरीच्या हातात असेल तर रांग बरोबर. तिसरीच्या हातात दिसली तर उलटली आहे. बघणाऱ्यालाही या खुणेवरून मोजायला सोपं जातं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. काही फोन असा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. टी-शर्टावरचे आकडे आणि अक्षरं सरळ दिसत असतील तर काळजी नाही.

नावं गोळा करायची वेळ मात्र संध्याकाळ नव्हे, फोटो काढल्यानंतरचं पहिलं मिनिट. मुली एकदा पाण्याच्या टाकीकडे पळाल्या की तो क्रम परत जुळवता येत नाही. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती पद्धत अशी : फोटो काढला त्याच जागेवरून लगेच मोबाइलवर व्हिडिओ सुरू करायचा, डावीकडून उजवीकडे हळू फिरवायचा आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव नि तुकडी मोठ्याने म्हणायला सांगायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. चेहरा, आवाज आणि क्रम तिन्ही एकत्र नोंदले जातात, आणि क्रम आपोआप बघणाऱ्याच्या डावीकडूनच येतो. धावण्याच्या शर्यतींत हे जमत नाही. तिथे शर्यत सुरू होण्यापूर्वी स्पर्धकांच्या यादीचाच एक फोटो काढावा. मग त्या यादीपुढचे सगळे फोटो त्याच शर्यतीचे, आणि छातीवरच्या क्रमांकावरून नाव शोधता येतं. पोत्याच्या शर्यतीत क्रमांक पोत्याआड जातो, तीन पायांच्या शर्यतीत जोडीदाराच्या हाताखाली. अशा वेळी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या मुलांचा एक समोरून काढलेला फोटो असला की काम भागतं.

हा क्रम व्हॉट्सॲपवर मोडतो. तीन शिक्षकांनी आपापले फोटो ग्रुपवर टाकले की त्यांना IMG-20250112-WA0034 अशी नावं मिळतात. त्यातली तारीख आणि अनुक्रमांक फोटो काढल्याचे नसून तो फोनमध्ये आल्याचे असतात, आणि फोटो काढल्याची वेळ फाइलमधून निघून गेलेली असते. मग सकाळची लंगडी दुपारच्या रिलेनंतर येऊन बसते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ वेळ शाबूत राहते. त्यासाठी सगळ्यांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच एकमेकांशी जुळवून घ्यावीत.

नावं मिळाली तरी ती देवनागरीत कशी लिहायची हा प्रश्न उरतो, कारण शाळेच्या संगणकातली यादी पुष्कळदा रोमन लिपीत असते. Sai म्हणजे सई की साई, Kale म्हणजे काळे की काले, Mane म्हणजे माने की मने, हे त्या यादीवरून ठरत नाही. मराठी हजेरीपट बघावा, नाहीतर मुलीलाच लिहायला सांगावं. वर्गात दोन आर्या असल्या तर आडनावाचं पहिलं अक्षर जोडावं. घरचं लाडाचं नाव मात्र, मुलीने स्वतः सांगितलं नसेल तर, घालू नये.

लेझीम किंवा सामुदायिक कवायतीच्या फोटोत साठ मुलं असतात. तिथे नावांचा हट्ट धरू नये. 'पाचवी आणि सहावीच्या विद्यार्थ्यांचं लेझीम. पुढच्या रांगेत हलगी वाजवणारे आठवीचे विद्यार्थी' एवढं पुरतं.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक : नाव द्यायचं की नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती डिजिटल स्वरूपात वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. बालगृहातून शाळेत येणाऱ्या मुलांबाबत बाल न्याय कायदा आणखी कडक आहे; काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करायला त्यात मनाई आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की संमतीची यादी क्रीडादिनाच्या आधीच तयार असावी. बाहेरच्यांना दिसणाऱ्या फोटोंखाली फक्त पहिलं नाव आणि इयत्ता द्यावी. चेहरा, पूर्ण नाव, शाळा आणि गाव एकत्र आलं की अनोळखी माणसाला त्या मुलापर्यंत पोहोचणं सोपं होतं. पूर्ण नावांची ओळ शाळेच्या कपाटातल्या छापील अल्बमसाठी ठेवावी. फाइलला मुलाचं नाव देण्याची सवयही टाळावी, कारण ओळ पुसली तरी फाइलचं नाव फोटोसोबत फिरत राहतं.

आणि बारा जणींपैकी एकीच्या पालकांनी नकार दिला असेल तर? तिची जागा सोडून बाकी अकरा नावं लिहिली, की बारावी कोण हे वर्गातलं कुणीही सांगेल. कंसात 'नाव दिलेले नाही' असं लिहिलं तर सगळ्यांचं लक्ष आधी तिच्याकडेच जाईल. फोटो दाखवायलाही नकार असेल तर ती नसलेला दुसरा फोटो घ्यावा. फक्त नावाला नकार असेल तर त्या फोटोखाली कुणाचंच नाव देऊ नये : 'मुलींच्या खो-खो स्पर्धेतील विजेता सातवी बचा संघ, मार्गदर्शक शिक्षकांसह.' उरलेल्या अकराजणींची नावं खेळाच्या फोटोंखाली, एकेकीच्या कृतीसह, देता येतात.